घरकर्ज : स्वतःचा हिस्सा किती भरावा?

घर विकत घेताना किमतीचा काही भाग खरेदीदाराने स्वतः भरावयाचा असतो. व्यवहारात त्याला डाऊन पेमेंट म्हणतात, बँकेच्या कागदात तो ‘मार्जिन’ या नावाने येतो. गाठीशी थोडी अधिक रक्कम असली की प्रश्न उभा राहतो : ती सर्व घरात घालावी, की कर्ज थोडे अधिक घेऊन शिल्लक रक्कम मुदत ठेवीत गुंतवावी? जास्त कर्जास व्याजाचा दर किंचित अधिक असतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तो ‘किंचित’ किती महाग पडतो, हे मात्र सहसा मोजले जात नाही.

एका प्राथमिक शिक्षकाचे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी त्यांनी ३० लाख रुपयांचे घर पाहिले आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च बाजूला काढल्यावर त्यांच्याजवळ ९ लाख रुपये उरतात. (हा खर्च आधीच वेगळा काढलेला बरा, कारण कर्जाची मर्यादा ठरविताना तो सामान्यतः घराच्या किमतीत धरला जात नाही.) समजा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच्या कर्जास बँकेचा दर साडेआठ टक्के आहे आणि त्याहून मोठ्या कर्जास पावणेनऊ टक्के. सर्व ९ लाख भरल्यास कर्ज २१ लाखांचे होईल. ६ लाखच भरल्यास ते २४ लाखांचे होईल आणि ३ लाख हाती राहतील.

दरांतील अंतर केवळ पाव टक्क्याचे दिसते. पण वाढीव दर फक्त वरच्या ३ लाखांना लागत नाही. तो संपूर्ण २४ लाखांना लागतो. वार्षिक हिशेबाने २१ लाखांवरील पहिल्या वर्षाचे व्याज १,७८,५०० रुपये होते, तर २४ लाखांवरील २,१०,००० रुपये. फरक ३१,५०० रुपयांचा. म्हणजे हाती ठेवलेल्या ३ लाखांचे खरे व्याज साडेदहा टक्के पडले. दरमहा हप्त्याने हा आकडा किंचित बदलतो, निष्कर्ष बदलत नाही.

आता हे ३ लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असे धरू. वर्षाला २१,००० रुपये व्याज येईल. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या करदात्याच्या हाती कर व उपकर जाऊन सुमारे १६,६०० रुपये उरतील. पहिल्याच वर्षी जवळजवळ १५ हजारांचा तोटा झाला. घरकर्जाच्या व्याजावर करसवलत आहे ना, असे येथे कोणी म्हणेल. स्वतः राहण्याच्या घरासाठी ती जुन्या कररचनेतच मिळते, आणि तीही २ लाखांपर्यंतच. वाढीव ३१,५०० पैकी २१,५०० रुपयेच त्या मर्यादेत बसतात; तोटा साडेचार हजारांनी कमी होतो, नाहीसा होत नाही.

शेअर बाजाराशी निगडित योजनांत दीर्घकाळात याहून अधिक मिळू शकेल. परंतु कर्जाचा हप्ता ठरलेला आणि तो परतावा अनिश्चित. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोहोचलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९ हजारांखाली आला होता. हप्ते तेव्हाही भरावे लागलेच.

मग सर्व ९ लाख भरून मोकळे व्हावे काय? तसेही नाही. घरात घातलेला पैसा आजारपणात काढता येत नाही आणि अशा वेळी घेतलेले वैयक्तिक कर्ज घरकर्जापेक्षा बरेच महाग असते. वरील उदाहरणात दर जेथे बदलतो ती पायरी २२.५ लाखांच्या कर्जाची आहे. त्या कर्जाचे साडेआठ टक्क्यांनी वार्षिक व्याज १,९१,२५० रुपये. शिक्षकांनी ७.५ लाख भरले तर उरलेल्या दीड लाखाची किंमत साडेआठ टक्केच पडते. त्यापलीकडचा दीड लाख हाती ठेवण्यासाठी मात्र १८,७५० रुपये, म्हणजे साडेबारा टक्के मोजावे लागतात. तेव्हा ७.५ लाख भरून दीड लाख अडचणीसाठी राखणे त्यांना सोयीचे. वर्षभरात अडचण आली नाही तर ती रक्कम कर्जात भरता येते. व्यक्तींच्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांनी आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे.

येथे एक चूक वारंवार होते. बँक टक्केवारी काढताना करारातील किंमत आणि आपल्या मूल्यांककाने ठरविलेली किंमत यांपैकी कमी असेल ती धरते. मूल्यांकन २९ लाखांचे आले तर ७५ टक्क्यांची पायरी २१.७५ लाखांवर उतरते आणि २२.५ लाखांचे कर्ज नकळत महाग गटात जाते. पुढे रक्कम भरून कर्ज कमी केले, तरी करारात तशी तरतूद नसल्यास दर आपोआप उतरत नाही. म्हणून मूल्यांकनाचा आकडा आणि दराची पायरी या दोन्ही गोष्टी मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्याव्यात. हिस्सा लाख-पाऊण लाखाने वाढविणे त्या वेळी अजून हाती असते.