२९ आणि २५ मिळून ५४ नव्हेत!

अमेरिकेत कानरक्षकाच्या वेष्टनावर ‘एनआरआर’ हा अंक असतो. समजा, नेमबाजीच्या मैदानावर तुम्ही २९ अंकाचे फोमचे बोळे कानात घातले आणि वर २५ अंकाचे कर्णकवच चढवले. आवाज ५४ डेसिबेलने घटेल काय?

नाही. हे अंक प्रयोगशाळेत नीट बसवलेल्या साधनांचे असतात. बोळा कानाच्या नळीत अर्धवट शिरतो. चष्म्याच्या काडीमुळे कवचाच्या गादीखाली फट राहते. कारखान्यातील गोंगाटासाठी तेथे असा हिशेब करतात: मोठ्या अंकातून ७ वजा, उरलेल्याचे निम्मे, म्हणजे ११, दुसऱ्या साधनाचे फक्त ५. एकूण १६! शिवाय कान झाकले तरी थोडा ध्वनी कवटीच्या हाडांतून आत पोचतोच.

बंदुकीचा बार तर क्षणिक असतो. त्याच्या सुमारे १४० ते १७५ डेसिबेलच्या शिखरातून हा अंक सरळ वजा करू नये. म्हणून तेथे दोन्ही साधने वापरावीत.