‘शुगर-फ्री’ लाडवाच्या किलोमागे किती मोजावेत?

घरगुती नाचणीचे लाडू साधे घेतले तर एक भाव आणि ‘मधुमेहींसाठी’ म्हटले की किलोमागे दोन-तीनशे रुपये चढे. हा फरक कशाचा, ते ऑर्डर देण्याआधी लाडू करणाऱ्या ताईंना विचारून घ्यावे.

गुळाऐवजी खजूर घातलेल्या किलोभर लाडवांचा हिशेब मांडून पाहू. भाव गावागणिक बदलतील, म्हणून इथले आकडे अंदाजाचेच धरा. नाचणीचे पीठ ४०० ग्रॅम, ३२ रुपये. तूप २०० ग्रॅम, १४० रुपये. खजूर ३०० ग्रॅम, ९० रुपये. बदाम १०० ग्रॅम, ९० रुपये. म्हणजे साहित्य साडेतीनशेचे. गॅस, डबा आणि मंद आचेवर पीठ भाजत उभे राहण्याची मजुरी धरली, तर साडेपाचशे-सहाशे रुपये रास्त वाटतात. खजुराऐवजी गूळ घातला असता, तर खर्च जेमतेम सत्तर रुपयांनी उतरला असता. खजुराच्या नावाखाली त्याहून फार जास्त मागत असतील, तर ते पैसे नुसत्या लेबलचे.

आणि ते लेबलही तपासण्यासारखे असते. खजुरात जवळजवळ दोन तृतीयांश साखरच असते. वरच्या किलोत ती २०० ग्रॅमच्या आसपास जाते. पाव किलो गुळातूनही साधारण तेवढीच आली असती. त्यात नाचणीचे पिष्ट आहेच. पंचवीस ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे १२ ग्रॅम कर्बोदके येतात, म्हणजे ‘पथ्याचे’ म्हणून तीन लाडू खाल्ले की छत्तीस. एफएसएसएआयच्या नियमानुसार शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर असेल, तर ‘शुगर-फ्री’ म्हणता येत नाही. खजुराचा लाडू त्याच्या जवळपासही जात नाही.

काही जणी खजुराऐवजी माल्टिटॉल वापरतात. त्यानेही रक्तातली साखर थोडी चढते आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडते. म्हणून ‘साखर नाही’ एवढ्यावर न थांबता ‘मग गोडी कशाची?’ असे विचारावे.

नाचणीच्या बिस्किटांत दुसरी गोम. नाचणीत ग्लूटेन नसते, त्यामुळे निव्वळ नाचणीचे बिस्कीट सहज तुटून त्याचा भुगा होतो. फार छान धरून राहिले असेल, तर कणीक किंवा मैदा किती, ते विचारा. पिठाचे प्रमाण सांगायला का-कू करणाऱ्या ठिकाणी जास्तीचे पैसे देऊ नयेत. एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी क्रमांक घरगुती विक्रेत्यालाही लागतो, तोही पाहावा.

माझे मत विचाराल तर पैसे तिखटमिठाच्या खाऊवर घालावेत. भाजलेले फुटाणे किंवा शेंगदाणे घातलेला ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा घ्या. त्यात गोडीचा प्रश्नच उरत नाही. मात्र लाह्याही धान्याच्याच, तेव्हा वाटी मोजून घ्यावी. नवा पदार्थ आधी पाव किलोच मागवा. खाण्याआधी आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा. दोन पट्ट्यांचा खर्च किलोभर चुकीच्या लाडवांपेक्षा खूपच कमी.