डुलतोय म्हणजे प्यालाच आहे का? जेटीवरची तपासणी आणि संशयाचं प्रकरण



१ ऑगस्टला बंदी उठेल आणि बोटी पुन्हा बाहेर पडतील. त्याआधी दारू आणि नशेबाबत आपल्या संस्थेचा नियम काय आहे आणि एखाद्यावर संशय आला तर काय करायचं, हे आम्ही इथे नीट लिहीत आहोत. नियम एका ओळीचा आहे. बोटीवर दारू किंवा नशेचा पदार्थ नाही, आणि सुकाणू, इंजिन किंवा विंचला हात लावणाऱ्याच्या अंगात दारू शून्य. भांडण होतं ते नियमावरून नाही, तो लावण्याच्या पद्धतीवरून.

मागच्या हंगामात आपल्याच जेटीवर एक गोष्ट घडली. नाव देत नाही. पहाटे साडेचारला एका ट्रॉलरचा इंजिन ड्रायव्हर आला. कपाळावर घाम, पाय अडखळत होते, जीभ जड झाली होती. तांडेलाने विचारलं तर त्याच्याच अंगावर ओरडला. मालक म्हणाले, "काल रात्री मी याला बारमध्ये बघितलंय. उतरवा याला, आणि उद्यापासून येऊ नको म्हणावं." दहा-बारा जण ऐकत उभे होते. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "पात्रांव, मी प्यायलो नाही हो." कोणाला ते खरं वाटलं नाही.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी दोन गोष्टी समजून घेऊ.

रात्रीची दारू पहाटे किती उरते?

पुष्कळ जण म्हणतात, "रात्री घेतली, झोप झाली, आता काही नाही." हिशेब करून बघा. क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाने ती रात्री दहापर्यंत संपवली, तर १०० मिली रक्तात जवळजवळ १५० मिलिग्रॅम अल्कोहोल चढतं. शरीर ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने काढून टाकतं. पहाटे चारपर्यंत सहा तास झाले, म्हणजे ९० उतरले आणि ६० उरले. रस्त्यावर गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे हा माणूस झोपून उठलाय, तोंड धुतलंय, स्वतःला बरा समजतोय, पण गाडीच्या मर्यादेच्या दुप्पट दारू अंगात घेऊन विंचवर उभा राहतोय. त्याची दारू पूर्ण उतरायला सकाळचे आठ वाजतील. माणसागणिक हे थोडं कमीजास्त होतं, पण कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ याने वेग वाढत नाही.

म्हणून आमचं सांगणं आहे की पहाटे निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळपासूनच नको.

जेटीवरची पाच मिनिटं

तपासणी सगळ्यांची, एकाच क्रमाने, रोज. आधी तांडेल, मग ड्रायव्हर, मग बाकीचे. मालक बरोबर जाणार असतील तर तेही. फक्त संशय आलेल्यालाच बाजूला काढलं की ती तपासणी राहत नाही, अपमान होतो.

पहिलं म्हणजे बोलणं. कधी झोपलास, काय खाल्लंस, कुठलं औषध घेतोस? सर्दीच्या आणि बोट लागण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेतलेल्याचा दोष नाही, पण त्या दिवशी त्याला विंच देऊ नका.

दुसरं, त्याला येणारं काम करायला लावा. दोराची गाठ मारून दाखव, इंजिन सुरू करण्याआधी काय काय बघतोस ते क्रमाने सांग. रोज मारतो ती गाठ हाताला जमत नसेल तर काहीतरी बिघडलंय. सरळ रेषेत चालायला लावण्यावर जास्त भरवसा ठेवू नका. आठ दिवस समुद्रात राहून आलेला माणूस जमिनीवर उतरला की डुलतोच. गुडघा दुखत असला तरी तसंच.

तिसरं, फुंकायचं मीटर. नुकतीच दारू, खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश तोंडात गेलेलं असेल तर आकडा खोटा चढतो. म्हणून आकडा आला तर पंधरा मिनिटं काही खाऊ-पिऊ न देता परत फुंकायला लावायचं आणि दुसरा आकडा धरायचा. मीटर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तपासून आणलेलं हवं. गांजा किंवा गोळ्या मीटरला कळत नाहीत. गांजाची लघवीची तपासणी असते, पण नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक दिवस दिसत राहतो. माणूस आज नशेत आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. तिथे डोळ्यांनी दिसणारं कामच बघावं लागतं.

आता त्या ड्रायव्हरकडे

आम्ही ऑफिसात होतो म्हणून बोलावणं आलं. आधी त्याला गर्दीतून आणि जेटीच्या काठावरून बाजूला आणून बाकावर बसवलं. प्यालेला असो की आजारी, असा माणूस दोन बोटींच्या फटीत पडला तर पाच मिनिटांत सगळं संपतं. मग तांडेल आणि शेजारच्या बोटीचा एक जाणता माणूस, अशा दोघांनी काय दिसतंय ते वेगवेगळं सांगितलं आणि आम्ही लिहून घेतलं. "दारू प्यायलाय" असं लिहिलं नाही. "घाम, हात थरथरतो, बोलणं अस्पष्ट, चिडतोय, तोंडाला वास नाही" असं लिहिलं.

शिस्तीचा प्रश्न नंतर, आजाराचा आधी. तोंड एका बाजूला ओघळलंय का, दोन्ही हात सारखे वर जातात का, हे बघितलं. तसं असतं तर पक्षाघाताचा संशय आणि थेट १०८. डोक्याला मार नव्हता. मासे ठेवायच्या खणात उतरला नव्हता. कुजलेल्या माशाच्या वायूनेही माणूस असाच भेलकांडतो. मग विचारलं, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का? मान हलवली.

मीटरवर शून्य आलं. ऑफिसातल्या मशीनवर रक्तातली साखर बघितली, ४८ निघाली. ७० च्या खाली गेली की ती कमीच.

मग सगळं जुळलं. रात्री आठला बारमध्ये त्याने एक पेग घेतला होता, ते खरं. घरी जाऊन न जेवता साखरेची गोळी घेतली आणि झोपला. एका पेगची दारू मध्यरात्रीपर्यंत उतरून गेली. पण उपाशीपोटी दारू घेतली की यकृत साखर कमी सोडतं, आणि वर गोळीचा परिणाम. पहाटे साखर तळाला.

शुद्धीवर होता, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली. पंधरा मिनिटांनी साखर ८२ झाली. मग चहा आणि पाव दिला. बेशुद्ध असता तर तोंडात काही घातलं नसतं, कारण ते श्वासनलिकेत जातं. बोलणं सरळ झालं तरी त्याला बोटीवर जाऊ दिलं नाही. काही गोळ्यांचा परिणाम पुष्कळ तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरते. एक माणूस बरोबर देऊन आरोग्य केंद्रात पाठवलं. दुसऱ्या बोटीचा ड्रायव्हर मिळाला आणि ट्रॉलर दोन तास उशिरा सुटला.

मालकांनी तिथेच "येऊ नको" हे कायम केलं असतं, तर एक चांगला ड्रायव्हर गेला असता. आणि घरी जाताना वाटेत तो कोसळला असता तर काय, याचा विचार करा. मालकांनी संध्याकाळी सगळ्यांसमोर शब्द मागे घेतला. सकाळी सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून तेही सगळ्यांसमोर. ते दोन दिवस आजारपणात धरले.

आणि मीटरवर खरंच आकडा आला असता तर?

तर त्या दिवशी बोटीवर नाही, यात तडजोड नाही. पण त्याच वेळी निकाल लावायचा नाही. आकडा, वेळ आणि दोघांनी पाहिलेलं लिहायचं. त्याला घरी किंवा खोलीवर कोणीतरी सोडून यायचं, स्कूटरची चावी ठेवून घ्यायची. बोलणं दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीत असताना, त्याला समजेल त्या भाषेत. ओडिशा किंवा झारखंडचा खलाशी असेल तर त्याच्या विश्वासाचा एक माणूस बसवायचा. त्याची बाजू त्याच्याच शब्दांत नोंदवायची आणि वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यायचा. शिक्षा नियमात आधीच लिहिली असेल तेवढीच, आणि मालकाच्या पुतण्याला जी तीच त्याला. कमावलेला पगार किंवा आधार कार्ड अडवून ठेवायचं नाही.

दारू थांबल्यावरचा धोका

लांबच्या फेरीवर दुसरीच अडचण येते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू बोटीवर एकदम बंद होते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, उलटी होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात. लोक म्हणतात, लपवून प्यायला. खरं तर ती अंगातून उतरल्यामुळे होतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. भ्रमात माणूस काठावरून पाणीही गाठतो. अशाला एक क्षण एकटं सोडू नका, बोट परत फिरवा, वायरलेसवर किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा.

म्हणून फेरीआधी तांडेलाने प्रत्येकाला एकट्याने विचारावं, रोज घेतोस का, थांबवल्यावर कधी थरथर किंवा फिट आली होती का? खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचं आणि तोवर लांबच्या फेरीवर घ्यायचं नाही. सांगितल्याबद्दल काम गेलं, तर पुढच्या वेळी कोणीच सांगणार नाही.

नोंदीचे छापील कागद संस्थेच्या ऑफिसात ठेवले आहेत. त्यात "प्यालेला होता, होय की नाही" असा रकाना नाही. "काय दिसलं, किती वाजता, कोणी पाहिलं, तो काय म्हणाला" एवढेच रकाने आहेत. प्रत्येक बोटीने १ ऑगस्टच्या आत एक वही घेऊन जावी.