आकडा 95 असला तरी धाप लागत असेल तर

कोरोनाच्या काळात घराघरांत आलेला ऑक्सिमीटर आजही अनेकांच्या कपाटात असेल. हे यंत्र बोटातून प्रकाश सोडते आणि रक्तात तो किती शोषला गेला यावरून ऑक्सिजनचा अंदाज काढते. म्हणून बोटात रक्त नीट पोचले नाही किंवा प्रकाश अडला, तर आकडा चुकतो.

समजा, घरातला मुलगा थंडीत चाकणहून रात्रपाळी करून मोटारसायकलवरून पिंपरीला आला. बोट घातले, तर आकडा 88! घाबरण्याआधी त्याच्याकडे पाहा. तो नीट बोलतो आहे, धाप नाही, ओठ निळे नाहीत. मग त्याला पाच मिनिटे बसवा. बोटाचे ग्रीस साबणाने धुवा, हात चोळून गरम करा. बाईमाणसाच्या बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर दुसरे बोट घ्या. हात न हलवता, उन्हापासून दूर, आकडा स्थिर होईपर्यंत एक मिनिट थांबा. SpO2 हा ऑक्सिजनचा आकडा आणि PRbpm हा नाडीचा. मनगटावर मोजलेली नाडी यंत्राशी जुळत नसेल, तर त्या ऑक्सिजनच्या आकड्यावरही भरवसा नको. आता 97 आले, तर मघाचा 88 थंड बोटाचा होता. पुन्हा 88 च आले, तर तो खरा मानून लगेच निघा.

याउलट चूक जास्त घातक असते, कारण ती लक्षात येत नाही. काळ्यासावळ्या त्वचेत यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्रावर 92 ते 96 असताना शंभरपैकी सुमारे 12 कृष्णवर्णीय रुग्णांचा खरा ऑक्सिजन 88 च्या खाली होता. गोऱ्या रुग्णांत असे सुमारे चारच होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, तर तिचा विषारी वायू रक्तात भिनूनही यंत्र 98 दाखवते. घरातल्या अनेकांचे एकदम डोके दुखू लागले, चक्कर किंवा मळमळ आली, तर सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि 108 ला फोन करा.

म्हणून आकडा आणि माणूस दोन्ही पाहा. साधारणपणे 95 ते 100 ठीक. नीट मोजूनही 94 किंवा कमी आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 90 किंवा त्याखाली असेल तर वाट पाहू नका; 108 बोलवा किंवा वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांचा नेहमीचा आकडा कमी असू शकतो. तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आजीला ताप-खोकला आहे, यंत्र 95 दाखवते, पण एक वाक्यही एका दमात बोलता येत नाही. पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास साधारण 12 ते 20 असतात; आजीचे 30 भरले. तिला लगेच रुग्णालयात न्यायचे. छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे असेल, तरीही हेच करायचे, मग यंत्रावर आकडा कितीही असो.