वर्षातून एकदा बॅग उलटी करून बघ

अगं, दुकानात बॅग पारखताच येत नाही. रिकाम्या बॅगेची चेन एका बोटानं सरकते आणि चकचकीत फरशीवर कुठलीही चाकं पळतात. खरी पारख वर्षभर हिंडून आल्यावर होते, आणि तीही वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी केलेली बरी. टूर मॅनेजरची नोकरी म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा मोजण्यात गेलेला जन्म, तेव्हा बॅगेचं दुखणं कुठून सुरू होतं ते मला ठाऊक आहे. तू काल ठेवून गेलीस ती निळी ट्रॉली आणि पाठीवरची सॅक मी निवांत बघितली. कशी बघितली ते सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी तुझं तू बघशील.

आधी ट्रॉलीची चेन. तू म्हणालीस, "मामा, चेन गेली, अख्खी बदलावी लागणार." एवढ्यात निकाल देऊ नकोस. ट्रॉलीच्या चेनला दोन रनर असतात. आधी डावा रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बॅग बंद कर, मग उघडून तेच उजव्यानं कर. तुझ्या बॅगेत डाव्या रनरच्या मागे दाते जागोजागी सुटत जातात, उजवा मात्र तीच चेन नीट लावतो. म्हणजे दाते शाबूत आहेत, डाव्या रनरचा जबडा फाकला आहे. बॅग ठासून भरायची, वर गुडघा टेकवायचा आणि रनर ओढायचा, यानं तो फाकतो. दोन्ही रनर एकाच जागी हरले असते, तर त्या जागचे दाते किंवा पट्टी गेली असं समजायचं. बहुतेकदा ती जागा कोपऱ्यावर असते, आणि मग चेन बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

फाकलेला रनर प्रवासात पकडीनं दाबून वेळ मारून नेता येते. लागलेले दाते ज्या बाजूनं बाहेर पडतात, त्या बाजूच्या दोन्ही कडा आळीपाळीनं, अगदी हलक्या हातानं दाबायच्या. जोर केलास तर कट्कन तुटेल, कारण हा धातू ठिसूळ असतो. घरी आल्यावर रनरच बदलून घे. त्याच्या पाठीवर बरेचदा ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. तो म्हणजे लागलेल्या दात्यांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. तो आकडा दुरुस्तीवाल्याला सांगितलास की अंदाजपंचे रनर गळ्यात पडत नाही. चेन जड चालत असेल तर मेणबत्ती घास, खोबरेल तेल लावू नकोस. तेलावर धूळ बसते आणि ती धूळच रनर झिजवते.

जाता जाता एक. नायलॉनच्या वेटोळ्याची चेन बॉलपेनचं टोक खुपसून उघडता येते आणि वरून रनर फिरवला की पुन्हा लागते, मागमूसही राहत नाही. कुलूप लावलं म्हणून दागिने ट्रॉलीत टाकू नयेत ते याचसाठी.

चाकांना फार वेळ लागत नाही. बॅग उलटी कर, आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे चिमट्यानं ओढून काढ आणि प्रत्येक चाक बोटांत धरून हलव. फिरताना अडखळलं तर घाण असते, पण आडवं डुगडुगलं तर आस झिजलेला असतो. चाकावरचं आवरण रबरासारखं दिसतं, पण बहुधा ते पॉलियुरेथेन असतं आणि दमट हवेत ते आपोआप विरतं. मुंबई-कोकणात माळ्यावर ठेवलेल्या न वापरलेल्या बॅगेचीही चाकं भुगा होऊन पडतात ती यामुळे. नख रुतवून बघ. चिकट लागलं किंवा कण सुटले तर त्या चाकावर लांबचा प्रवास काढू नकोस. मग अस्तराची आतली चेन उघडून चाकाची बैठक आतून बघ. स्क्रूनं बसवलेलं चाक सहज बदलता येतं, रिव्हेटचं असेल तर रिव्हेट कापावा लागतो. तुझी चाकं धडधाकट आहेत.

खरा घोटाळा सॅकमध्ये निघाला. दहा किलो तांदूळ भरून मी ती पट्ट्यांवर दाराच्या कडीला अडकवली आणि आतून टॉर्च मारला. पट्टा पाठीला जिथे जोडलाय तिथे दोन गोष्टी निरनिराळ्या बघायच्या: दोरा तुटलाय की कापड निसटलंय. दोरा तुटला असेल तर टाके घालून भागतं. तुझ्या उजव्या पट्ट्यापाशी दोरा जागच्या जागी आहे, टाके सलग आहेत, पण टाक्यांखालून कापडाचे धागे ओढले जाऊन त्यांची झालर झाली आहे. सुईची भोकं लांबट झाली आहेत. डावीकडे शिलाईपलीकडे बोटाच्या पेराएवढं कापड सोडलंय, उजवीकडे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. कापड कडेला फार जवळून शिवलं गेलं, म्हणून भार आल्यावर ते निसटलं. ही झीज नव्हे, हा कारखान्यातला दोष, आणि वॉरंटी असते ती अशाच दोषासाठी.

म्हणून आता पट्टा कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊ नकोस. एकदा बाहेरचा टाका पडला की कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. अख्ख्या सॅकचा, आतल्या लेबलवरच्या मॉडेल नंबरचा आणि दोन्ही पट्ट्यांच्या जोडाचा शेजारी फूटपट्टी ठेवून, असे फोटो काढ. डाव्या जोडाचा फोटो हवाच, कारण फरक त्यातच दिसतो. तक्रारीत "पट्टा फाटला" असं लिहिलंस तर उत्तर येईल की जास्त वजन भरलं. "दोरा अखंड आहे, शिलाईची कड उजवीकडे अपुरी आहे" असं लिही आणि बिल जोड. डाव्या रनरचीही तक्रार करायला हरकत नाही, पण तिथे ते झीज म्हणतील आणि त्यात फारसं चूक नाही.

विमानात मोडलेल्या बॅगेचं प्रकरण वेगळं. आमच्या एका सहलीत एका बाईंच्या बॅगेचं चाक बैठकीसकट उखडून आलं. गाडी सुटेल म्हणून त्या तशाच हॉटेलवर आल्या आणि दुसऱ्या दिवशी तक्रारीला लागल्या. विमान कंपनी म्हणाली, विमानतळावरचा नुकसानीचा रिपोर्ट दाखवा. बॅगवाले म्हणाले, हे विमानात झालंय, आमची जबाबदारी नाही. दोघांच्या टोलवाटोलवीत बाईंच्या हाती काहीच लागलं नाही. तेव्हा विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावरून बॅग उचलताच तिथेच तिच्याभोवती एक चक्कर मार आणि काही मोडलेलं दिसलं तर बाहेर पडण्याआधी काउंटरवर रिपोर्ट घे. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे बॅग हाती आल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. बॅगेतच मुळात खोट होती असं ठरलं तर त्याच करारानं विमान कंपनी तेवढ्यापुरती सुटते, म्हणून चेक-इनच्या रांगेत उभी असताना चारही बाजूंचे फोटो काढून ठेव.

सॅकवाल्यांनी दाद दिली नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. पुढे जायचं झालंच तर ग्राहक आयोगात तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. एका सॅकसाठी तिथवर कोणी जात नाही, पण १९१५ चा तक्रार क्रमांक ईमेलमध्ये टाकला की पुष्कळदा सूर बदलतो.

बिल शोधून काढ, ते थर्मल कागदाचं असेल तर पुसट व्हायच्या आत त्याचा फोटो घे. ट्रॉली इथेच राहू दे; रनर मी या आठवड्यात बदलून आणतो.