जड पाणी, सॉफ्टनर आणि मिठाचा हिशोब



पुस्तकात ज्याला आपण 'दुष्फेन पाणी' म्हणतो, त्यालाच गावात जड पाणी म्हणतात. आमच्या लातूर भागात बोअरचं पाणी बहुतेक असंच. बादलीला पांढरा थर, शॉवरची निम्मी भोकं बंद, गिझरची कॉइल दर दीड-दोन वर्षांनी बदलायची. मागच्या वर्षी आम्ही घरी सॉफ्टनर बसवला. तो घेताना जो हिशोब करावा लागला तो पाचवी-सहावीच्या मुलांनाही जमेल असा आहे, म्हणून इथे सविस्तर मांडते.

आधी एक गैरसमज दूर करू. दुकानदाराने पाण्यात टीडीएस मीटर बुडवला आणि "अकराशे आहे, मोठंच मशीन घ्या" असं सांगितलं. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं काही. जडपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनर हे दोन काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस कमी होतच नाही, उलट किंचित वाढतो. मशीनचं माप ठरवायला जडपणाचाच आकडा लागतो. तो प्रयोगशाळेतून मिळतो किंवा थेंब मोजायच्या छोट्या किटने घरीही काढता येतो. आमचा आला लिटरमागे 600 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आम्ही अगदी काठावर!

दुसरा आकडा म्हणजे रोज किती पाणी मऊ करायचं. इथे सगळ्या घराचं पाणी धरू नका. संडासाची टाकी, अंगण, फरशी, झाडं यांना जड पाणी चालतं. आम्ही पाच माणसं. अंघोळ, कपडे, भांडी आणि बेसिन मिळून आठवडाभर बादल्या मोजल्या तेव्हा रोजचे 500 लिटर निघाले. आता गुणाकार करा. 500 लिटर गुणिले 600 मिलिग्रॅम म्हणजे 3,00,000 मिलिग्रॅम, म्हणजे रोज 300 ग्रॅम जडपणा. हे वाचून वर्गातल्या मुलांनी "बाई, रोज एवढा चुना?" असं विचारलं होतं. हो, एवढाच.

सॉफ्टनरच्या नळकांड्यात रेझिनचे बारीक, पिवळसर-तपकिरी मणी असतात. जडपणा त्या मण्यांना चिकटतो. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून ते धुवायचे, म्हणजे पुन्हा कामाला तयार. याला रिजनरेशन म्हणतात. खरी गंमत इथे आहे. एक लिटर रेझिनला साधारण 100 ग्रॅम मीठ दिलं तर ते सुमारे 45 ग्रॅम जडपणा धरतं. मीठ वाढवून 240 ग्रॅम केलं तर धरतं सुमारे 68 ग्रॅम. म्हणजे मीठ जवळजवळ अडीचपट, पण काम दीडपटच. जास्तीचं मीठ सरळ गटारात जातं.

आता आमचं 25 लिटर रेझिनचं मशीन घ्या. कमी मिठाच्या पद्धतीत ते 25 गुणिले 45, म्हणजे 1125 ग्रॅम जडपणा काढतं. रोजचे 300 धरले तर पावणेचार दिवस पुरतं. आम्ही पावणेचारची वाट न बघता दर तीन दिवसांनी, पाहुणे असतील तर लवकर, रिजनरेशन करतो. प्रत्येक वेळी मीठ अडीच किलो, म्हणजे महिन्याला 25 किलोची एक गोणी. दुकानदाराने सांगितलं होतं एका वेळी सहा किलो, म्हणजे पाच-साडेपाच दिवस बघायला नको. त्या पद्धतीत महिन्याला 33-36 किलो मीठ लागलं असतं. हाच हिशोब उलटा केला की कळतं की 10 लिटरचं स्वस्त मशीन आमच्या घरात जेमतेम दीड दिवस टिकलं असतं. रोज सकाळी शाळेच्या घाईत वॉल्व्ह फिरवत बसणार कोण?

मशीन कुठे बसवायचं यातही चूक होते. बोअरच्या मोटारीवरून थेट पाणी नेलं तर ते मण्यांमधून इतक्या वेगाने पळतं की जडपणा पकडायला वेळच मिळत नाही. 25 लिटर रेझिनमधून तासाला हजार लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ देऊ नये. आम्ही गच्चीवरच्या टाकीनंतर, बाथरूमकडे जाणाऱ्या पाइपवर बसवलं आणि एक छोटा प्रेशर पंप लावला.

मीठ खड्याचं, स्वच्छ घ्यावं. बारीक मिठाचा टाकीत चिखल होतो. माती असलेल्या मिठाने नळी तुंबते. कधी कधी मिठाच्या टाकीत वर कडक पापुद्रा धरतो आणि खाली पोकळी राहते. टाकी भरलेली दिसते, पण पाण्यात मीठ उतरतच नाही. दोन-तीन वेळा रिजनरेशन करूनही मिठाची पातळी खाली गेली नाही तर लाकडी काठीने हळूच टोचून बघा. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीनंतर नेमकं हेच झालं होतं. शॉवरवर पुन्हा पांढरे ठिपके दिसले तेव्हा लक्षात आलं.

ठिपके दिसेपर्यंत थांबायची गरज नाही. झाकणाच्या बाटलीत अर्धा पेला पाणी घ्या, अंगाचा साबण किसून केलेल्या द्रावणाचे दहा थेंब टाका आणि जोरात हलवा. मऊ पाण्यात भरगच्च फेस येऊन टिकतो, जड पाण्यात दह्यासारखा पांढरट साका होतो. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. वर्गात पावसाचं पाणी, बोअरचं पाणी आणि सॉफ्टनरचं पाणी अशा तीन बाटल्या ठेवून हा प्रयोग मस्त होतो.

फायद्याचं म्हणाल तर पाणी तापलं की जडपणातला काही भाग चुन्यासारखा कॉइलवर बसतो, तो नवा थर बसणं थांबलं. जुना थर मात्र सॉफ्टनर काढून देत नाही. शॉवरचं तोंड आणि नळाच्या जाळ्या आम्ही लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवून साफ केल्या. साबण निम्म्याने कमी लागतो. पहिले काही दिवस अंग बुळबुळीत वाटतं, साबण निघालाच नाही असं! सासूबाईंनी तर "बिघडलेलं मशीन आणलंस" असं सुनावलं होतं.

त्यांच्यामुळेच एक गोष्ट मी पक्की केली. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. दर 100 मिलिग्रॅम जडपणा काढताना पाण्यात सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. आमच्या पाण्याच्या हिशोबाने लिटरमागे जवळपास 275 मिलिग्रॅम! म्हणून स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाला सॉफ्टनरची लाइन जोडलीच नाही, त्याला बोअरच्या साध्या लाइनवर वेगळा फिल्टर आहे. झाडांनाही हे पाणी घालत नाही, सोडियमने माती घट्ट होते. आणि रिजनरेशनचं खारट पाणी, जे दर वेळी दीडशे-दोनशे लिटर निघतं, ते परसबागेत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नका. आमच्या प्लंबरने पहिल्या दिवशी पाइप नेमका शोषखड्ड्याकडेच वळवला होता, तो दुसऱ्या दिवशी गटाराच्या लाइनला जोडून घेतला.