तीनास एक : गट असमान केले की एकूण माणसे किती वाढतात?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, दहावीपर्यंतचे गणित वापरून एक खरे उदाहरण आज समजून घेऊया. उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे.

2020 मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशील्ड लशीची भारतात चाचणी झाली. तिचे पहिले डोस 26 ऑगस्टला पुण्यात भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात दिले गेले. चाचणीची आखणी 1600 स्वयंसेवकांची होती. त्यातल्या 1200 जणांच्या भागात लस सुरक्षित आहे का, हे पाहायचे होते. या 1200 जणांची वाटणी निम्मी-निम्मी नव्हती, 3:1 होती. म्हणजे साधारण 900 जणांना लस आणि 300 जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच सुई. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर ठरते.

मुले इथे हमखास विचारतात, "सर, 600-600 का नाही?" प्रश्न बरोबर आहे. त्यासाठी आधी असमान वाटणीची किंमत काढूया.

दोन गटांच्या सरासरीतला फरक मोजताना आपल्या उत्तरात किती अनिश्चितता राहते, हे एका छोट्या बेरजेवर ठरते. गटांत a आणि b माणसे असतील, तर ती बेरीज अशी:

1/a + 1/b = (a + b)/(ab)

ही बेरीज जितकी लहान, तितके उत्तर नेमके. एकूण माणसे ठरलेली असली की a + b बदलत नाही, मग सगळा खेळ ab या गुणाकाराचा. परिमिती तीच असलेल्या आयतांमध्ये चौरसाचे क्षेत्रफळ सर्वांत जास्त असते, हे मुलांना माहीत आहेच. इथेही तेच आहे. दोन्ही गट समान असले की गुणाकार सर्वांत मोठा आणि अनिश्चितता सर्वांत कमी.

आता 900 आणि 300 घालून बघा. 1/900 + 3/900 = 4/900. आणि 450-450 असे समान गट घेतले तर? 2/900 + 2/900 = 4/900. उत्तर तेच! म्हणजे तुलनेपुरते पाहिले तर 3:1 वाटणीतले 1200 जण समान वाटणीतल्या 900 जणांएवढेच काम करतात. असमानतेची किंमत 300 माणसे.

हेच सूत्रात मांडता येते. वाटणी k:1 असेल तर समान गटांसाठी लागणाऱ्या एकूण संख्येला या संख्येने गुणायचे:

(k + 1)²/(4k)

2:1 ला हे 1.125 येते, म्हणजे साडेबारा टक्केच वाढ. 3:1 ला 1.33 आणि 4:1 ला 1.56. सुरुवातीला किंमत हळू वाढते, पुढे मात्र झपाट्याने. म्हणूनच 2:1 आणि 3:1 पुष्कळदा दिसतात, 10:1 क्वचितच.

मग ही किंमत का मोजायची? कारण सुरक्षिततेचा प्रश्न फक्त तुलनेचा नसतो. समजा, एखादा दुष्परिणाम लस घेतलेल्या 500 जणांत एकाला होतो. लस 450 जणांना दिली, तर तो निदान एकदा तरी दिसण्याची शक्यता सुमारे 59 टक्के. 600 जणांना दिली तर 70, आणि 900 जणांना दिली तर सुमारे 84 टक्के. मुलांना कॅल्क्युलेटरवर 1 − (0.998)^900 करून बघू द्या. शिवाय नुसती सुई टोचून घेणाऱ्यांची संख्या 600 वरून 300 वर येते, हेही स्वयंसेवकांच्या दृष्टीने लहान नाही.

नेहमीची चूक इथे होते: समान गटांसाठी एकूण 900 काढायचे आणि तेच 3:1 मध्ये वाटून टाकायचे. मग गट होतात 675 आणि 225, आणि बेरीज होते 4/675. खरा फरक पकडण्याची शक्यता 80 टक्के धरून आखलेली चाचणी (5 टक्क्यांच्या नेहमीच्या निकषावर) 68 टक्क्यांवर घसरते. फरक खरोखर असतो, पण "आढळला नाही" असे लिहिले जाते. ओळखायची खूण सोपी आहे: आधी समान गटांची एकूण संख्या काढली का, मग गुणले का, आणि शेवटी वाटले का? 900 × 4/3 = 1200, मग 900 आणि 300. क्रम हाच.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. दोन्ही गटांतली मापे साधारण सारखीच विखुरलेली आहेत, असे आपण धरले आहे. एका गटात चढउतार बराच जास्त असेल, तर त्या गटात जास्त माणसे घेणेच फायद्याचे ठरते. तिथे समान वाटणी सर्वांत स्वस्त राहत नाही.

वर्गासाठी गृहपाठ: लहान गट 300 वरच ठेवा आणि मोठा गट 300, 900, 3000, 30000 असा वाढवत न्या. बेरीज 1/300 च्या खाली कधी जाते का, ते मुलांना शोधू द्या.